सबटायटल लावून इंग्रजी शब्द वाढवायचे आहेत, कोणते गेम घ्यावेत?

चाकणवारी

नमस्कार मंडळी. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं, पुढे डिप्लोमा. आता कंपनीत सपोर्टच्या कामावर आहे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा परदेशातल्या ग्राहकांशी फोनवर बोलावं लागतं. लिहिलेलं इंग्रजी मला बऱ्यापैकी कळतं. बोललेलं ऐकताना मात्र एखादा शब्द अडतो, मी त्याच्यावरच अडून बसतो आणि तोवर समोरचा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो.

रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास गेम खेळतो. वाटलं, हाच वेळ कामी लावावा. म्हणून दोन महिने जीटीए ५ इंग्रजी सबटायटल लावून खेळलो. नवीन शब्द किती आले हे परवा वहीत लिहून पाहिलं, तर शिव्या सोडून सातच निघाले. दोन महिन्यांत सात. संवाद तर भरपूर आहेत त्यात, मग असं का व्हावं? गेम चुकला की माझी पद्धत चुकली?

लॅपटॉप मध्यम आहे, फार जड गेम चालणार नाहीत. एकट्याने खेळायचे, गोष्ट असलेले गेम सुचवा. आणि 'का' तेही सांगा, म्हणजे पुढचा गेम माझा मला निवडता येईल.

पक्या_९२

भावा, जीटीएला नावं ठेवू नकोस. मी सॅन अँड्रियासपासून खेळतोय आणि माझं इंग्रजी त्यातूनच सुधारलंय. सबटायटल चालू ठेवायचं आणि खेळत राहायचं, शब्द आपोआप डोक्यात बसतात. तू अजून पुरेसं खेळला नाहीस एवढंच.

आणि जमलं तर रेड डेड रिडेम्प्शन २ घे. त्यात संवाद प्रचंड आहेत. शंभर तास माणसं बोलतच असतात.

रानवाटा

चाकणवारी, तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःच उत्तराच्या जवळ आला आहात. मी पुण्यात काही वर्षं गेम टेस्टिंग केलं. त्यात बराच काळ सबटायटल तपासण्याचं काम होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जीटीएमध्ये महत्त्वाचं बोलणं कधी होतं ते आठवून पाहा. बहुतेक वेळा गाडी चालवताना. मिशन सुरू झालं की दोघं गाडीत बसतात आणि ठिकाणावर पोचेपर्यंत बोलत राहतात. तेव्हा तुमची नजर रस्त्यावर, नकाशावर आणि समोरून येणाऱ्या गाडीवर असते. सबटायटल खाली येऊन निघूनही जातं. तुम्ही वाचता ते एवढ्यापुरतंच, की आता कुठे वळायचं आणि कोणाला मारायचं. अनोळखी शब्दावर थांबायला डोक्यात जागाच उरत नाही.

हा माझा नुसता अंदाज नाही. जपानमध्ये यावर एक प्रयोग झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठातल्या ८० विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या, दोघांचं इंग्रजी आणि खेळण्याचं कौशल्य साधारण सारखं. एकाने तालावर बटणं दाबायचा इंग्रजी गाण्यांचा गेम २० मिनिटं खेळायचा, दुसऱ्याने शेजारी बसून तोच पडदा बघायचा. नंतर शब्द विचारले. थोडे दोघांनाही आठवले, पण नुसतं बघणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आठवले.

म्हणून माझी पहिली कसोटी संवाद किती आहेत ही नाही. पात्रं बोलत असताना माझे हात काय करत असतात? हात मोकळे असतील किंवा नुसतं चालत असतील तर गेम चांगला. गोळ्या चुकवत असतील तर तो गेम आनंदासाठी ठेवा, शब्दांसाठी दुसरा घ्या.

दुसरी कसोटी अशी की वाक्य तुमच्यासाठी थांबतं का, किंवा परत ऐकता येतं का. सिनेमा दहा सेकंद मागे नेता येतो. गेममध्ये बहुतेक वेळा वाक्य गेलं की गेलं.

या दोन्हींवर उतरणारा पहिला गेम म्हणून मी फायरवॉच सुचवीन. २०१६ चा आहे, चार-पाच तासांत संपतो. १९८९ सालचं अमेरिकेतल्या वायोमिंगचं जंगल, वणव्यावर नजर ठेवायला टेहळणीच्या मनोऱ्यात राहणारा हेन्री, आणि वॉकीटॉकीवर त्याच्याशी बोलणारी त्याची वरिष्ठ डिलायला. संपूर्ण गेमभर तुम्ही चालता आणि ती दोघं बोलतात. मारामारी अजिबात नाही. वाटेत काही दिसलं की ते तिला रेडिओवर सांगता येतं, म्हणजे वस्तू आधी डोळ्यांसमोर येते आणि मग तिच्याबद्दलचं बोलणं कानावर पडतं.

तुमच्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. डिलायलाचा चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, आवाज यंत्रातून येतो. तुमचे ग्राहकांचे फोन असेच असतात ना?

मृण्मयीची आई

माझाही हाच प्रश्न आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे, मोठीला गेमची आवड नाही पण हा दिवसभर माइनक्राफ्ट. त्यात तर कोणी बोलतच नाही, मग इंग्रजी कसं सुधारणार? वर सांगितलेला जंगलाचा गेम त्याला द्यावा का?

रानवाटा

नको ताई, फायरवॉच मुलांसाठी नाही. त्यात शिव्या आहेत, दारू आहे, आणि सुरुवातीलाच हेन्रीच्या बायकोच्या आजारपणाची जड गोष्ट आहे.

पण तुमच्या मुलाच्या माइनक्राफ्टमध्येच एक छान सोय आहे. कॉम्प्युटरवरची जावा आवृत्ती असेल तर सेटिंगमध्ये `Accessibility` मध्ये जाऊन `Show Subtitles` चालू करा. ऐकू न येणाऱ्या खेळाडूंसाठी ती केली आहे. प्रत्येक आवाजाचं नाव पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली येतं, आवाज कोणत्या बाजूने आला त्याचा बाणही दिसतो. `Creeper hisses`, `Skeleton rattles`, `Zombie groans`, `Door creaks`, `Fire crackles`.

ही क्रियापदं बघा. मराठीत आपण साप फुत्कारतो, दार करकरतं, हाडं खुळखुळतात असं सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र आपल्या मुलांना या सगळ्याला एकच शब्द येतो, 'साउंड'. ही क्रियापदं पाठ्यपुस्तकात क्वचित भेटतात. इथे आवाज आणि शब्द एकाच क्षणी येतात, आणि क्रीपर फुत्कारला की पळावंच लागतं, त्यामुळे 'हिस' विसरणं शक्यच नाही.

मृण्मयीची आई

अरे वा, हे माहीतच नव्हतं. आज संध्याकाळीच लावून देते. तो फोनवरही खेळतो, पण घरी कॉम्प्युटरवर जावाच आहे असं म्हणाला.

अप्पा_वाई

मराठी सबटायटल असलेले गेम कुठे मिळतील? नातवाबरोबर बसतो, पण काय चाललंय ते कळत नाही.

चाकणवारी

अप्पा, धागा इंग्रजी सबटायटल लावून इंग्रजी शिकण्याबद्दल आहे. पण तुमचा प्रश्नही रास्त आहे, कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

निखिल_लाइपझिग

मी थोडं वेगळं मत मांडतो. जर्मनीत येऊन सहा वर्षं झाली. इथे आल्यावर मी असाच गेम जर्मनमध्ये लावून खेळायचो, जर्मन आवाज आणि जर्मन सबटायटल. वाचून सगळं कळायचं. बेकरीत गेलो की समोरच्या बाईंचं एक वाक्य पकडता यायचं नाही. एक दिवस सबटायटल बंद केलं आणि लक्षात आलं की मी सहा महिने ऐकतच नव्हतो, फक्त वाचत होतो. ओळ पडद्यावर पूर्ण उमटते, डोळा एका सेकंदात वाचून मोकळा होतो, आणि पात्र अजून निम्म्यावरच असतं. उरलेला आवाज कान सोडून देतो.

चाकणवारींची अडचण ऐकण्याची आहे. त्यांनी सबटायटल बंदच करावं असं मला वाटतं.

रानवाटा

निखिल, डोळा पुढे पळतो हे शंभर टक्के खरं. पण पूर्ण बंद करण्याशी मी सहमत नाही. यांना अडतो तो शब्दच माहीत नसतो. न माहीत असलेला शब्द कानाला शब्द म्हणून ऐकूच येत नाही, नुसता आवाजाचा एक तुकडा येतो. आधी तो लिहिलेला दिसायला हवा. माझ्या मते पहिल्यांदा सबटायटल लावून आणि तोच भाग दुसऱ्यांदा बंद करून, हा क्रम बरा.

एक सावधगिरी मात्र कामातून शिकले. सबटायटल अनेकदा मूळ संहितेवरून बनतं, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कलाकार ओळ थोडी बदलतो. लिहिलेलं 'आय एम गोइंग टू', बोललेलं 'आयमना'. काही गेममध्ये लांब वाक्य कापून छोटं केलेलं असतं. कान एक सांगतो आणि डोळा दुसरं, असं पहिल्या पंधरा मिनिटांत तीन-चारदा झालं तर तो गेम ऐकण्याच्या सरावासाठी घेऊ नका. कान बरोबर होता तरी शिकणारा स्वतःलाच चूक ठरवतो.

पक्या_९२

रानवाटा, प्रयोग वगैरे ठीक आहे, पण मग माझं इंग्रजी कसं सुधारलं?

रानवाटा

पक्या, सुधारलंच असेल, शंका नाही. तुम्ही सॅन अँड्रियास किती वेळा खेळलात?

पक्या_९२

चार वेळा पूर्ण. मोजदाद नाही ठेवली, पण मिशन पाठ होते.

रानवाटा

तेच. चौथ्या वेळी रस्ते पाठ झालेले असतात, हात आपोआप चालतात, आणि तेव्हा कान मोकळा होतो. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फक्त त्यासाठी शेकडो तास लागले, आणि चाकणवारींकडे रोज दीड तास आहे.

रेड डेड २ चंही तसंच. घोड्यावर बसून सतत बोलतात, म्हणून जीटीएसारखाच प्रश्न येतो. पण त्यात एक वाट आहे. नकाशावर ठिकाण लावून रस्ता धरला आणि सिनेमॅटिक कॅमेरा चालू केला, की घोडा स्वतः वाट धरून चालतो आणि हात मोकळे होतात. तळावर आलं की शेकोटीजवळ नुसतं उभं राहा, माणसं आपापसात बोलत असतात. मात्र भाषा १८९९ सालची आणि गुन्हेगारांच्या टोळीची आहे. 'एन्ट' आणि 'रेकन' ग्राहकाच्या फोनवर न्यायचे नाहीत. शिवाय तो गेम मध्यम लॅपटॉपवर चालणार नाही.

दिव्या_ठाणे

मी फायरवॉच खेळले आहे, त्यातली एक गंमत सांगते. त्यात नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात वाट शोधावी लागते. नकाशावर 'कॉटनवुड क्रीक' असं नाव आहे. माझं सगळं आयुष्य ठाण्याच्या खाडीशेजारी गेलं. ठाणे क्रीक, माहीम क्रीक हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे 'क्रीक' म्हणजे खाडी यात मला शंकाच नव्हती. मी डोंगराळ जंगलात खाडी शोधत फिरत होते. एका ओढ्यावरून दोनदा गेले आणि हा ओढा आहे, खाडी पुढे असेल, म्हणून पुढे जात राहिले. शेवटी कळलं की तोच तो. अमेरिकेत 'क्रीक' म्हणजे ओढा, आणि आपल्याकडे इंग्रजांनी दिलेला अर्थ समुद्राचं पाणी आत येतं ती खाडी.

हे शब्दकोशात वाचलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरले असते. चुकीच्या दिशेने अर्धा तास चालले म्हणून कायमचं बसलं. म्हणून मला वाटतं, तिसरी एक कसोटी हवी: शब्द चुकला तर खेळात काही अडतं का?

त्या कसोटीवर माझा सगळ्यात आवडता गेम एस अटर्नी. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. तुम्ही बचाव पक्षाचे वकील असता. साक्षीदार एकेक वाक्य बोलतो, ते तुम्ही कितीही वेळा पुढे-मागे करून वाचू शकता. ज्या वाक्यात विसंगती आहे त्या वाक्यावर योग्य पुरावा दाखवायचा. नुसतं बटण दाबत राहिलात तर दंड होतो आणि खटला हरता.

पहिलाच खटला सांगते (तो शिकवण्यापुरता छोटा आहे, तरी ज्याला काहीच कळून घ्यायचं नसेल त्याने हा परिच्छेद सोडावा). साक्षीदार म्हणतो, मृतदेह पाहिला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तुमच्याकडच्या शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूची वेळ चारनंतरची आहे. तो अहवाल त्या वाक्यावर दाखवला की साक्षीदार गडबडतो आणि म्हणतो, वेळ टीव्हीवर ऐकली. मग तुमच्याकडे दुसरा कागद असतो, त्या इमारतीत तेव्हा वीज गेलेली होती. पुन्हा विसंगती. त्या अहवालात मृत्यूचं कारण 'ब्लंट ट्रॉमा' असं लिहिलं आहे. मला 'ब्लंट' म्हणजे तोंडावर बोलणारा, रोखठोक माणूस एवढंच माहीत होतं. हत्यार बोथट आहे की धारदार, यावर पुढचा विचार अवलंबून, म्हणून 'ब्लंट' म्हणजे बोथट हे तिथे कळलं. आणि मग रोखठोक माणसाला 'ब्लंट' का म्हणतात तेही.

चाकणवारी

दिव्या, हे भारी आहे. पण यात आवाज आहे का?

दिव्या_ठाणे

नाही, 'ऑब्जेक्शन' अशा आरोळ्या सोडल्या तर सगळं वाचायचंच. त्यामुळे शब्द वाढतील, कान तयार होणार नाही. फोनवरही चालतो एवढं मात्र चांगलं, लोकलमध्ये खेळता येतो.

रानवाटा

दिव्याची कसोटी मी माझ्या यादीत घेतेय. आणि तिच्याच धर्तीवर, पण आवाज असलेला, लाइफ इज स्ट्रेंज. नायिकेला थोडा वेळ मागे नेता येतो, हीच खेळाची कल्पना आहे. म्हणजे संवाद झाला, कळला नाही, वेळ मागे घेतला, तीच व्यक्ती तेच वाक्य परत बोलते. सिनेमासारखी मागे न्यायची सोय गेमच्या गोष्टीतच घातलेली. शिवाय प्रत्येक प्रसंगानंतर ती मुलगी रोजनिशीत तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहिते. जे नुकतंच ऐकलं तेच निवांत वाचायला मिळतं. एकूण पाच भाग आहेत आणि पहिला स्टीमवर फुकट आहे, म्हणून पैसे घालण्याआधी अंदाज येतो. यातही आत्महत्येसारखे विषय आहेत, ते आधी लक्षात घ्यावं. आणि बोली २०१३ च्या अमेरिकन शाळकरी तरुण मुलांची आहे, त्यातला 'हेला' वगैरे ऐकून सोडून द्या.

चाकणवारी

आणि गेम माझ्या पातळीचा आहे की नाही हे कसं ओळखायचं? एकाने मला डिस्को एलिझियम सांगितला होता, तो सुरू केला आणि दहा मिनिटांत बंद केला.

रानवाटा

डिस्को एलिझियममध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, आणि लेखन मुद्दाम वाङ्मयीन आहे. इंग्रजी मातृभाषा असलेलेही त्यात अडखळतात. त्यावरून स्वतःला मापू नका.

ओळखायची पद्धत सांगते. पॉल नेशन हे न्यूझीलंडमधले शब्दसंपदेचे मोठे अभ्यासक. त्यांचं म्हणणं आहे की मदतीशिवाय मजकूर आरामात कळायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एक नवा. तेव्हा नवा शब्द आजूबाजूच्या एकोणपन्नासांवरून ताडता येतो. दहात एक नवा असेल तर आधारच राहत नाही.

गेम सुरू करून पहिले सविस्तर संवाद येऊ द्या आणि सबटायटलचे दहा स्क्रीनशॉट काढा. स्टीमवर `F12` दाबलं की झालं. एका ओळीत दहा-बारा शब्द धरले तर शंभर-सव्वाशे शब्द झाले. खेळ थांबवून अनोळखी शब्द मोजा. दोन-तीन आले तर गेम तुमच्यासाठी आहे. पाच-सहा आले तर जमेल, पण रोज अर्धाच तास. दहा-बारा आले तर सहा महिन्यांनी या. एकही नाही आला तर गोष्ट ऐका, पण शब्द वाढणार नाहीत.

पुढे रोज खेळतानाही हेच करा. अनोळखी शब्द आला की शब्दकोश उघडू नका, खेळ तुटतो आणि दोन दिवसांत कंटाळा येतो. नुसतं `F12` दाबा आणि पुढे चला. झोपण्याआधी त्या दिवसाचे स्क्रीनशॉट उघडा, त्यातले पाचच निवडा, बाकीचे पुसून टाका. चित्रात माणूस, जागा, पूर्ण वाक्य सगळं असतं, त्यामुळे वहीत वेगळा अर्थ लिहावा लागत नाही. तोच शब्द परत अडला तर तो परत येईलच, आणि एकदाच आला असेल तर त्याची तेवढी गरज नव्हती.

चाकणवारी

तीन आठवड्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगायला.

फायरवॉच घेतला. दहा स्क्रीनशॉटमध्ये चार शब्द अडले, म्हणून सुरू केला. धाकटी बहीण बारावीला आहे. रानवाटांनी सांगितलेला प्रयोग मी तिला वाचून दाखवला, तर ती म्हणाली आपण घरीच करू. एक दिवस मी खेळायचं आणि तिने शेजारी बसून बघायचं, दुसऱ्या दिवशी उलट. दोघांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, न बघता, आठवतील ते शब्द सांगायचे. पहिल्या दिवशी ती नऊ सांगू शकली, मी चार. दुसऱ्या दिवशी मी बघत होतो, मी आठ आणि ती पाच. सहा दिवसांत एकदाच खेळणाऱ्याला जास्त आठवले, आणि त्या दिवशी खेळात फक्त मनोऱ्यात बसून बोलणं होतं, चालणं जवळजवळ नव्हतं.

आता एक शब्द सांगतो, कारण त्यासाठीच मुख्यतः लिहायला बसलो. जंगलात जागोजागी सामानाच्या कुलूपबंद पेट्या आहेत. डिलायला त्यांच्याबद्दल बोलते तेव्हा मला 'कॅश बॉक्स' ऐकू आलं. वाटलं, जंगलात पैशांची पेटी कशाला? खाली सबटायटलमध्ये `cache` लिहिलेलं. हा शब्द मी कामावर रोज वापरतो, ब्राउझरचा 'कॅशे' साफ करा म्हणून. आमच्याकडे सगळे कॅशेच म्हणतात. मागच्या महिन्यात एका ग्राहकाने फोनवर दोनदा 'क्लिअर द कॅश' म्हटलं होतं आणि मी पैसे भरण्याबद्दल काहीतरी बोलू लागलो. तो प्रसंग मी इतके दिवस मनात घेऊन फिरत होतो, माझं काय चुकलं ते कळत नव्हतं. हेन्रीने पेटी उघडली आणि ते सगळं एकदम उलगडलं. शब्द मला येत होता, फक्त तो कधी ऐकलेलाच नव्हता. दुसरा अर्थही कळला, लपवून किंवा साठवून ठेवलेलं सामान. ब्राउझरही तेच करतो.

निखिल, हा शब्द सबटायटल बंद असताना मला कधीच सापडला नसता, मी पैशांची पेटीच समजून पुढे गेलो असतो. पण तुमचंही खरं निघालं. गेम संपल्यावर पहिला दिवस सबटायटल बंद करून परत खेळलो. गोष्ट कळत होती, पण डिलायला भरभर बोलून हसते त्या जागा निसटल्या. तिथे मी पहिल्या वेळी वाचूनच काम भागवलं होतं हे स्पष्ट दिसलं.

निखिल_लाइपझिग

हे वाचून बरं वाटलं. `cache` चं उदाहरण मान्य, तिथे माझी पद्धत हरली असती. तरी एक विचारतो. तुम्ही दुसऱ्यांदा खेळलात तेव्हा गोष्ट माहीत होती. मग कानाने ऐकून कळलं की आठवणीने कळलं, हे कसं ओळखणार? मी अजूनही म्हणेन की एखादा नवा, सोपा गेम पहिल्यापासून बंद सबटायटलवर करून बघा.

रानवाटा

हा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी स्वतः पात्राचं वाक्य संपेपर्यंत सबटायटलवर नजर टाकायची नाही अशी सवय लावली होती. पडद्याच्या खालच्या पट्टीवर कागद चिकटवायचा आणि अडलं तरच उचलायचा. काहींना ते जमतं, काहींना खेळाचा विचका वाटतो.

पक्या_९२

चाकणवारी, एवढ्यात चार-पाच तासांचा गेम संपला पण. आता मोठा घे की. मी परवा रेड डेडमध्ये सिनेमॅटिक कॅमेरा लावून घोडा सोडून दिला आणि नुसतं ऐकलं. इतकी वर्षं मी त्या दोघांचं बोलणं नीट ऐकलंच नव्हतं हे खरं.

मृण्मयीची आई

माझंही सांगते. काल स्वयंपाकघराचं दार उघडलं तर आतून ओरडला, "आई, डोअर क्रीक्स!" मग मला विचारलं की दिव्याताईंचा ओढ्याचा क्रीक आणि हा क्रीक एकच का. उच्चार सारखा येतो, पण स्पेलिंग वेगळं आहे बहुतेक?

दिव्या_ठाणे

वेगळं आहे ताई. ओढ्याचा `creek`, दाराचा `creak`. त्याला दोन्ही कागदावर लिहून दाखवा, आणि दाराचा माइनक्राफ्टमध्ये कसा लिहिलाय ते त्यालाच शोधून काढायला सांगा.

चाकणवारी

पुढचा लाइफ इज स्ट्रेंजचा फुकट भाग उतरवतोय. बहिणीची सहामाही झाली की पुन्हा जोडीने बसू. निखिल, पहिला अर्धा तास सबटायटल बंद ठेवून करेन, आणि किती वेळा वेळ मागे घ्यावा लागला ते मोजून इथेच लिहितो.